आभाराचा मसुदा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढून लाल पेन उघडले होते, तोच दारावरची घंटा वाजली. दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. बी. ए. ला मराठी घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली आणि पुढे कुठल्याशा शाळेत शिकवायला लागण्याऐवजी चित्रे हलवण्याच्या नादी लागलेली. एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात छापलेले चार कागद.

"सर, चित्रपट पुरा झाला," ती म्हणाली. "आणि आता एवढं मराठी तेवढं तपासून द्या."

हा चित्रपट म्हणजे सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा ॲनिमेशनपट. नदीवर पूल झाला आणि होडी बंद पडली, अशा एका म्हाताऱ्या नावाड्याची कथा. निर्माता कोणी मिळेना, तेव्हा तिने सरळ लोकवर्गणी काढली. आपल्या आळीतली मुले गणपतीत पावतीपुस्तक घेऊन फिरतात, तसे हिने इंटरनेटवर पावतीपुस्तक उघडले. वर्गणी देणाऱ्या ३११ जणांत मीही होतो. हजार रुपये दिले होते. आठ महिन्यांत चित्रपट दाखवते असा वायदा होता. त्याला आता एकोणीस महिने लोटले होते. मधल्या काळात आमच्या सौभाग्यवतींनी "तुमच्या त्या हजाराचं काय झालं हो?" असे दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा मी वर्तमानपत्रात डोके खुपसले होते.

मी कागद हाती घेतले. मथळा होता, 'ऋणनिर्देश'. पहिलेच वाक्य सहा ओळींचे. आपल्या अमूल्य सहकार्याने, उदार हस्ते केलेल्या साहाय्याने, अथक परिश्रमाने आमचे इवलेसे रोप वगैरे वगैरे. शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन. मास्तर या नात्याने मला बरेच वाटले. हे माझ्याच वर्गातले मराठी होते! पण दुसऱ्या पानावर आल्यावर माझ्यातला मास्तर मागे पडला आणि हजार रुपये दिलेला गृहस्थ जागा झाला.

"अगं, हे सगळं छान आहे," मी म्हटले, "पण एवढा उशीर का झाला, ते कुठे आहे?"

ती पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत राहिली.

"आणि पैसे कुठे गेले? मला चित्रपट पाहायला कधी मिळणार?"

"सर, हे आभाराचं पत्र आहे," ती हळूच म्हणाली. "हिशेबाचं नाही."

तिथेच आमचा वाद सुरू झाला, आणि उत्तरपत्रिका त्या दिवशी तशाच राहिल्या.

उशीर का झाला, हे तिने मला तोंडी सांगितले. ते ऐकल्यावर मला असे वाटले की, हे पत्रात नसेल तर आभाराला काही अर्थच नाही. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. हाताने काढायच्या चित्रपटात सहसा एकच चित्र दोनदा दाखवून भागवतात. म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. तिचा मूळ आराखडा सात मिनिटे वीस सेकंदांचा, म्हणजे ४४० सेकंदांचा होता. बाराने गुणा: ५,२८० चित्रे. मदतीला दहा स्वयंसेवक उभे राहिले होते. कोणी कलाशाळेतले, कोणी नोकरी सांभाळून हौस करणारे. प्रत्येकाने रोज संध्याकाळी सहा चित्रे करायची. दिवसाला साठ. म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवसांत काम संपले! आधीच्या तयारीला आणि नंतरच्या संगीताला पाच महिने धरले, आणि आठ महिन्यांचा वायदा लोकांना देऊन टाकला.

"गणित बरोबर आहे की," मी म्हटले.

"गुणाकार बरोबर आहे, सर. पण एक चित्र एकदाच काढायचं नसतं."

आधी कच्ची रेघ मारायची, म्हणजे हालचाल नीट उमटते की नाही ते कळते. मग त्यावर पक्की रेघ. मग रंग. एकाच चित्रावर तीनदा हात फिरतो. अठ्ठ्याऐंशी दिवसांचे इथेच दोनशे चौसष्ट झाले. त्यात परीक्षा आल्या, बदल्या आल्या, एकीचे लग्न ठरले. आणि खरी अडचण याहून निराळीच होती. पक्की रेघ मारायला चार जणांना चार दृश्ये वाटली, तेव्हा चार नावाडी तयार झाले. एकाचे नाक लांब, दुसऱ्याचे खांदे रुंद. एकाच दृश्यातली चित्रे दोघांत वाटली तर त्याहून वाईट. एकेक चित्र सुटे पाहिले तर उत्तम दिसे. पण भराभर फिरवून पाहिले की नावाड्याच्या अंगाची कड थरथरू लागे. या धंद्यातली माणसे म्हणतात, रेषा उकळते आहे. दुधाला उकळी फुटावी तशी. कागदावर हा दोष दिसतच नाही. चित्र चालवून पाहावे तेव्हाच कळते. तिला तो चार महिन्यांनी कळला, कारण तोवर ती आलेली चित्रे सुटी सुटीच तपासत होती. मग पक्क्या रेघेसाठी तिने दोन पगारी माणसे ठेवली आणि माणसांच्या सगळ्या आकृती त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतल्या. स्वयंसेवकांकडे तिने रंगकाम ठेवले, आणि पार्श्वभूमीतली झाडे, घरे, भांडीकुंडी दिली.

"म्हणजे ज्या वस्तू हलत नाहीत त्या," मी म्हटले.

"हो. अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी हेच केलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण उपयोग केला नाही."

अ‍ॅमस्टरडॅमची ही कथा मला नवीन होती. वाचकांपैकीही पुष्कळांना ती नवीन असेल, म्हणून थोडी सांगतो. हॉलंडमध्ये टॉन रोझेन्डाल नावाच्या गृहस्थाने ब्लेंडर नावाचे, संगणकावर ॲनिमेशन करण्याचे एक साधन तयार केले होते. कंपनी बंद पडली आणि त्या साधनाचे हक्क भांडवल घालणाऱ्यांकडे अडकून पडले. तेव्हा २००२ साली त्याने ते सोडवून घेण्यासाठी जगभर वर्गणी मागितली; सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ब्लेंडर सर्वांना फुकट खुले झाले. पुढे ते साधन सुधारावे, कसाला लागावे, म्हणून त्याच मंडळींनी स्वतःच छोटे चित्रपट काढायचे ठरवले. त्यातला तिसरा 'सिंटेल', २०१० सालचा. दिग्दर्शक कॉलिन लेव्ही हा विशीतला अमेरिकन तरुण होता, कलाशिक्षण घेत असलेला. हॉलंडच्या चित्रपट निधीने मदत केली. पण बराच पैसा आला तो सामान्य प्रेक्षकांकडून. त्यांनी चित्रपट तयार होण्याआधीच त्याच्या डीव्हीडीची किंमत भरली. ठरलेल्या तारखेच्या आत जो पैसे भरील, त्याचे नाव पडद्यावर येईल, असा करार होता.

मुख्य कलावंत मात्र सगळे एका छपराखाली, अ‍ॅमस्टरडॅमलाच बसून काम करीत. दूरदूरच्या हौशी मंडळींना त्यांनी हाक घातली ती शहरातल्या दृश्यांत मांडायच्या किरकोळ वस्तूंसाठी. टोपली एकाने केली आणि मडके दुसऱ्याने केले, म्हणून कुणाचे काही अडत नाही. टोपलीला नाक नसते.

त्या रविवारी आम्ही जेवणाआधी 'सिंटेल' पाहिला. एका मुलीला जखमी पंखाचे ड्रॅगनचे पिल्लू सापडते, ती त्याला वाढवते, आणि एक दिवस मोठा ड्रॅगन ते पळवून नेतो. त्याच्या शोधात ती वणवण फिरते, शेवटी गुहेतल्या मोठ्या ड्रॅगनला ठार करते. आणि त्याच्या पंखावरचा व्रण पाहून तिला कळते की, हेच आपले पिल्लू. शोधाशोधीत वर्षे उलटून गेली होती, पिल्लू मोठे झाले होते, तीही प्रौढ झाली होती. आमच्या घरात पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती त्यानंतर. चित्रपट चौदा मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांचा. गोष्ट बारा-साडेबारा मिनिटांतच संपते. उरलेला सगळा वेळ गाणे चालू असते आणि पडद्यावर नावे वर सरकत असतात. सुरुवातीला कलावंतांची, आणि मग वर्गणीदारांची, रांगच्या रांग. एकेक नाव वाचून होणे शक्यच नाही. तरी जगाच्या पाठीवर कुठेतरी एखादा माणूस बोट पडद्यावर ठेवून "हे बघ, हे बघ, माझं!" म्हणत असणार, हे डोळ्यांपुढे येते.

आभाराचा दुसरा हप्ता त्यांनी निराळ्याच नाण्यात दिला. चित्रपट तयार झाल्यावर तो कसा केला, तेही लोकांच्या हवाली केले: पात्रे, मडकी, गुहा, सगळ्या मूळ फायली. ज्याला हवे त्याने घ्याव्यात, शिकावे, मोडतोड करावी, विकाव्यातसुद्धा. अट एकच की, मूळ कोणाचे ते सांगायचे. म्हणजे त्या परवान्यात किंमत रुपयांत नाही. नाव घेण्यात आहे. आपल्याकडे ज्याला ऋणनिर्देश म्हणतात आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर उरकतात, तो इथे कायद्याचे कलम होऊन बसला आहे.

मला लगेच आपल्याकडचे उदाहरण आठवले. श्याम बेनेगलांचा 'मंथन', १९७६ सालचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि दहा लाखांचा चित्रपट उभा राहिला. पाच लाख नावे पडद्यावर कशी घालणार? तिथे सर्वांचा मिळून एकच उल्लेख आहे की, गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत. आभार नाहीतच. त्यांना थेट निर्मात्याच्या जागी बसवले आहे.

"मग आपण काय करायचं?" तिने विचारले. "नावं द्यायची की सर्वांना मिळून एक ओळ?"

"तुझे ३११ आहेत. नावं दे. पण आधी मला सांग, या यादीतल्या सगळ्यांना हे पत्र वाचून बरं वाटेल का?"

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जे निघाले ते पत्रातल्या मराठीपेक्षा पुष्कळ अवघड होते. मिरजेचा एक तरुण, बँकेत कारकून. त्याने चित्रपटातली जत्रा रंगवली होती. चाळीस सेकंदांचे दृश्य, ४८० चित्रे. बँकेतून आल्यावर रोज रात्री सहा, म्हणजे ऐंशी रात्री. एका चित्रात पंधरा-वीस माणसे, फुगेवाले, पाळणे. आणि चित्रपट जोडून पाहिल्यावर लक्षात आले की, जत्रा आली की गोष्ट थांबते. नावाडी बाजूला पडतो आणि प्रेक्षक फुगे पाहत बसतो. दोनदा निराळ्या जागी जोडून पाहिली, अर्धी करून पाहिली, काही जमले नाही. शेवटी सबंध जत्रा काढून टाकली. सात-वीसचे सहा-चाळीस झाले ते असे.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"कधी काढलीस?"

"दोन महिने झाले."

"म्हणजे हे पत्र ३११ वर्गणीदारांना आणि दहा स्वयंसेवकांना एकदमच जाणार, आणि त्या मुलाला चित्रपट उघडल्यावर कळणार की आपली जत्रा नाही."

तिच्या पहिल्या मसुद्यात त्याच्यासाठी ओळ होती. 'रंगकामात अथक परिश्रम घेणारे' म्हणून जी पाच नावे होती, त्यांत त्याचे तिसरे. त्या 'अथक'मध्ये ऐंशी रात्री गडप झाल्या होत्या. मी लाल पेनाने त्या शब्दाखाली रेघ मारली. चूक नव्हती, तरी मारली.

तिने तिथूनच, आमच्या गॅलरीतून, मिरजेला फोन लावला. मी आत आलो. असले बोलणे ऐकू नये. पण घर लहान आहे. तिने आढेवेढे घेतले नाहीत. दृश्य काढले, का काढले, सांगायला दोन महिने उशीर केला तो माझा दोष, हे तीन वाक्यांत सांगितले. मग बराच वेळ ती नुसते "हो", "हो" म्हणत होती. आत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"काय म्हणाला?"

"आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, थोडं वाईट वाटलं. आणि मग विचारलं, ती चाळीस सेकंदं मला मिळतील का? आईला दाखवायची आहेत. तिला सांगून ठेवलं होतं."

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही पत्र पुन्हा लिहायला बसलो. 'ऋणनिर्देश' हा मथळा तिनेच खोडला. मी फक्त विरामचिन्हे पाहिली. तिच्या परवानगीने ते पत्र येथे देतो. नावे तेवढी गाळली आहेत.

'स. न. वि. वि.

आपण वर्गणी दिलेला चित्रपट पुरा झाला. तो सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा आहे. आठ महिन्यांत दाखवीन असे म्हटले होते, एकोणीस लागले. चूक माझ्या हिशेबाची होती. एक चित्र तीनदा करावे लागते हे मी धरले नाही, आणि निरनिराळ्या हातांच्या रेघा एकत्र केल्या की आकृती थरथरते हे मला चार महिने उशिरा कळले. मधल्या काळात मी आपल्याला काही कळवले नाही, कारण सांगण्यासारखे चांगले काही नव्हते. ते तेव्हाच कळवायला हवे होते.

आपण सर्वांनी मिळून ४,२०,००० रुपये दिले. त्यातले ४२,००० वर्गणी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे कमिशन, कर आणि बँकेचा आकार यांत गेले. दोन पगारी चित्रकारांना १,४०,०००, आवाजाचे मुद्रण आणि मिश्रण ८५,०००, संगीत ६०,०००, संगणकाची दुरुस्ती आणि सामान ३५,०००, आपल्याला पाठवायच्या चित्रांची छपाई आणि टपाल ३८,०००, महोत्सवांच्या प्रवेशिका १८,०००. उरलेल्या २,००० रुपयांत सगळी मूळ चित्रे जपून ठेवण्यासाठी एक डिस्क घेतली आहे. स्वयंसेवकांपैकी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. मीही घेतलेले नाहीत.

सोबत एक दुवा आणि परवलीचा शब्द पाठवत आहे. चित्रपट आजच पाहता येईल. कृपा करून तो पुढे पाठवू नये. काही महोत्सव आधीच सर्वत्र उघड झालेला चित्रपट घेत नाहीत. महोत्सव आटोपले की तो सर्वांसाठी खुला करीन आणि तसे कळवीन.

यात जत्रेचे एक दृश्य होते. ते मिरजेच्या आमच्या मित्राने ऐंशी रात्री बसून रंगवले. ते चांगले होते. गोष्टीत बसले नाही. काढण्याचा निर्णय माझा. ते दृश्य पूर्ण स्वरूपात त्याला पाठवले आहे, आणि त्याच्या संमतीने आपल्यालाही वेगळे पाहता येईल. ज्या ज्या स्वयंसेवकाने जे जे केले ते त्याच्या नावापुढे लिहिले आहे. आपापल्या कामाच्या मूळ फायली ज्यांना हव्या असतील त्यांनी मागाव्यात.

शेवटी नावांची यादी जोडली आहे. आपले नाव जसे पडद्यावर हवे तसेच आहे ना, ते पाहून पंधरा दिवसांत कळवावे. नाव नको असेल तर तसेही कळवावे. त्या जागी 'एक हितचिंतक' असे येईल. महोत्सवांची प्रत त्यानंतर कायम होईल, मग दुरुस्ती करता येणार नाही.

आपण पैसे दिलेत आणि आपण रात्री दिल्यात. त्यांचे काय झाले ते वर लिहिले आहे.

आपली,'

आणि खाली सही. 'आभार' हा शब्द पत्रात कुठेच आला नव्हता. हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिने विचारले, "घालायचा का कुठे?" मी पत्र पुन्हा एकदा वरपासून वाचले आणि जागा शोधली. मिळाली नाही. मग तिने सहीच्या वर हाताने एक ओळ लिहिली: 'मनापासून आभार.' तेवढीच. आणि ती तिथे बरोबर बसली.

पत्र त्याच रात्री रवाना झाले. पंधरा दिवसांत तिला सत्तेचाळीस दुरुस्त्या आल्या. कोणाचा 'देशपांडे'तला अनुस्वार गेला होता, कोणाचे वडिलांचे नाव चुकले होते, एका बाईंना आपल्याऐवजी दिवंगत यजमानांचे नाव हवे होते. तिघांनी हितचिंतक राहणे पसंत केले. एका गृहस्थांनी मात्र एकोणीस महिन्यांचा उशीर आणि कमिशनचा आकडा यांवर कडक शब्दांत पत्र लिहिले. तिने त्यांना उत्तर दिले आणि कमिशनची पावती जोडली. त्यांचे पुढे पत्र आले नाही. मिरजेच्या मुलाने कळवले की, आईने जत्रा चार वेळा पाहिली. आता तो ती आपल्या भाच्यांना दाखवणार आहे.

आमच्या घरी आम्ही चित्रपट पाहिला तो त्याच आठवड्यात. नावाडी शेवटी होडी उलटी करून अंगणात ठेवतो आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवतो. मग काळ्या पडद्यावर नावे वर सरकू लागली. सौभाग्यवती चष्मा लावून पुढे सरसावल्या.

"थांबवा, थांबवा! हे पाहा तुमचं."

पाहतो तो माझ्या नावात वेलांटी चुकलेली! यादी तर मी स्वतःच्या हातांनी तपासून दिली होती. तीनशे दहा नावे डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि आपले बरोबरच असणार म्हणून तेवढे सोडून दिले. सत्तेचाळीस दुरुस्त्यांतली शेवटची माझी.